मदत हवी आहे: आई-आबांच्या व्हिसावर 22 ऑगस्ट, पण परतायचं कधीपर्यंत?

नमस्कार मंडळी. आई-आबा सांगलीहून ताईकडे जर्मनीला गेलेत. ताईने पासपोर्टच्या त्या पानांचे फोटो पाठवलेत आणि ते बघून माझ्या पोटात गोळा आलाय.

शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर 10-05-25 पासून 22-08-25 पर्यंत असं छापलंय. एंट्री 01, मुक्काम 90 दिवस. पुढच्या पानावर फ्रँकफर्टचा शिक्का: कोपऱ्यात डी अक्षर, विमानाचं चित्र, आत जाणारा बाण आणि 18 05 25. शिक्का पुसट आहे, पण फोटो मोठा केल्यावर 18 स्पष्ट दिसतो.

तिकीट 20 ऑगस्टचं. एजंट म्हणाले, "22 पर्यंत व्हिसा आहे, बिनधास्त राहा." मला ते पटत नाही. 22 तारीख ही व्हिसा वापरायची शेवटची मुदत. मुक्काम 90 दिवसांचाच. उतरल्याचा दिवस धरून मे 14, जून 30, जुलै 31 म्हणजे 75 झाले, उरले 15. म्हणजे 15 ऑगस्टला तिथून निघायलाच हवं ना? की उतरल्याचा दिवस धरत नाहीत?

शिवाय ताई त्यांना चार दिवस लंडनला नेणार म्हणते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढलाय, पण एंट्री एकच असल्याने परत जर्मनीत घेणार नाहीत, असं मला वाटतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्येच, तिथे अडचण नसावी.

ज्यांचे आई-वडील असे जाऊन आलेत त्यांनी कृपया सांगा. तिकीट आजच बदलायचंय.