मदत हवी आहे: चॉपिंग बोर्डवरचा माशाचा वास जातो, लसणाचा जात नाही

बोर्ड आंब्याच्या लाकडाचा आहे. बांगडा कापल्यावर तो आधी गार पाण्याने धुते, कारण गरम पाण्याने माशाचं प्रथिन गोठून चिरांत बसतं. मग चमचाभर जाडं मीठ आणि अर्ध्या लिंबाने घासून पाच मिनिटं ठेवते, धुऊन उभा वाळवते. माशाच्या वासाचे अमाइन अल्कधर्मी असतात, लिंबाच्या आम्लाने ते बांधले जातात आणि वास मरतो.

लसूण-कांद्याचा वास मात्र गंधकाच्या संयुगांचा, त्यावर लिंबू फारसं चालत नाही. खायच्या सोड्याची दाट पेस्ट पंधरा मिनिटं लावली की वास कमी होतो, पण बोर्ड ओला झाला की पुन्हा येतो. म्हणजे रस सुरीच्या चरांत खोल मुरलाय.

हातांचं साबण आणि गार पाण्यावर भागतं. सुरीचं पातं स्वच्छ होतं, वास मुठीच्या सांध्यात राहतो. तिथे जुना टूथब्रश पुरतो. (लोखंडी विळीला लिंबू नको, काळी पडते.)

प्रश्न बोर्डचाच. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थर काढावा का? नंतर कोणतं तेल द्यावं, जे खवट होणार नाही?