हद्द, हुदूद, महदूद: एकच शब्द आहे का?

वाचनवेडी
सध्या जुन्या इस्लामी कायद्यावर वाचतेय, त्यात सारखं 'हद्द लागली', 'हद्द टळली' असं येतंय. आपल्याकडे हद्द म्हणजे सीमा, गावाची हद्द, पोलीस स्टेशनची हद्द, आणि वैतागलो की 'हद्द झाली'. तिथे मात्र हद्द म्हणजे चक्क शिक्षा! फटके, हात तोडणं, दगडांनी मारणं. हा तोच शब्द आहे की नुसतं ध्वनिसाम्य? दुसरं म्हणजे असं वाचलं की एवढ्या भयानक शिक्षा कायद्यात असूनही त्या प्रत्यक्षात फार कमी वेळा दिल्या गेल्या, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

नाशिककर
शब्द तोच. अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे. माणसाने मर्यादा ओलांडली की त्याला मिळते ती हद्द, म्हणून शिक्षेला ते नाव. आणि शिक्षा कमी व्हायच्या कारण काझी दयाळू असायचे, त्यांच्या मनावर होतं सगळं. दोन साक्षीदार मिळाले की गुन्हा सिद्ध, पण काझीला वाटलं तर तो माफ करायचा.

रेहाना
नाशिककर, शब्दाचं बरोबर आहे पण पुढचं बरंचसं उलटं झालंय, रागावू नका. हद्द म्हणजे अशी शिक्षा जिची सीमा आधीच आखून दिलेली आहे, काझीला ती कमी करता येत नाही, वाढवता येत नाही, आणि एकदा गुन्हा सिद्ध झाला की माफही करता येत नाही. हुदूद हे तिचं अनेकवचन. काझीच्या मनावर असते ती ताजीर. हा शब्दही तुम्ही ऐकलाय, भारतीय दंड संहितेला उर्दूत ताजीरात-ए-हिंद म्हणायचे.

आता गंमत बघा, काझीला माफ करता येत नाही म्हणूनच सगळा जोर सिद्ध करण्याच्या पायरीवर आला. फकीह म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, त्यांचं एक सूत्रच होतं की संशय असेल तिथे हद्द टाळा. दोन पुरुष साक्षीदार चोरीला चालायचे, पण चोरीतही अटी इतक्या की विचारू नका. माल कुलपात किंवा राखणीत असायला हवा, त्याची किंमत हनफी या कायदेपंथाच्या मते किमान 10 दिरहम हवी, जवळच्या नातेवाइकाचा असेल तर हद्द नाही, आणि चोर नुसतं म्हणाला की 'माल माझाच आहे' तरी संशय तयार झाला, हात वाचला. माल परत द्यायचा, ताजीर व्हायची, पण हात नाही. एकाने आत जाऊन माल बाहेर उभ्या साथीदाराच्या हातात दिला, तर हनफी पंथाचे मूळ पुरुष अबू हनीफांच्या मते दोघांचाही हात तोडता येत नाही, कारण माल बाहेर काढणारा आणि घेणारा वेगळे झाले.

व्यभिचाराला तर चार साक्षीदार. प्रौढ, चारित्र्यवान पुरुष, आणि चौघांनी प्रत्यक्ष कृत्य पाहिलेलं हवं. एका खोलीत होते, एका पांघरुणात होते, असं चालत नाही. ग्रंथांत उपमा दिलीय की सुरमेदाणीत सळई जाताना दिसावी तसं दिसलं पाहिजे.

शिवारातला
आमच्या गावात हद्दीचाच वाद चाललाय गेली नऊ वर्षं, म्हणून हा धागा उघडला. हद्द कायम मोजणीची फी भरली, मोजणीवाले दोनदा आले, पहिल्या वेळी शेजारी हजर नव्हता म्हणून परत गेले आणि दुसऱ्या वेळी त्याने हरकत घेतली. कुणाला माहिती आहे का की चारही बाजूच्या लगतदारांच्या सह्या लागतातच का? माझ्याकडे आजोबांच्या वेळची सनद आहे, त्यात 'हद्दमहदूद' असं काहीतरी लिहिलंय, पण आमच्याकडे कुणाला अर्थ सांगता येत नाही.

वाचनवेडी
दादा, आम्ही शिक्षेच्या हद्दीबद्दल बोलतोय, जमिनीच्या नाही 🙂 पण हद्दमहदूद हा शब्द मात्र भारी आहे, थांबा, रेहानाताई सांगतील.

रेहाना
शिवारातला दादा, सह्यांचं मला सांगता येणार नाही पण शब्द सांगते. महदूद म्हणजे जिची हद्द आखली गेलीय ती गोष्ट, म्हणजे तुमच्या सनदेत ते चतुःसीमेसकट ठरवून दिलेली जमीन अशा अर्थाने आलंय. आणि खरंच सांगते, याच शब्दात वाचनवेडीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. कारण कायद्यात महदूद म्हणजे ज्याला हद्द लागलीय असा माणूस, त्यातही मुख्यतः ज्याला खोट्या आरोपाची हद्द लागलीय असा.

हा खोट्या आरोपाचा गुन्हा म्हणजे कझफ. कुराणातच आहे की पतिव्रता स्त्रीवर व्यभिचाराचा आरोप केला आणि चार साक्षीदार आणले नाहीत तर 80 फटके, आणि त्या माणसाची साक्ष पुन्हा कधी घ्यायची नाही. फकीहांनी हाच नियम पुरुषावरच्या आरोपालाही लावला. म्हणजे तिघांनी खरंच पाहिलं असेल, चौथा आला नाही किंवा ऐन वेळी डळमळला, तर ते तिघे स्वतःच गुन्हेगार.

खलीफा उमरच्या काळातली केस आहे, साधारण 638 सालची. बसऱ्याचा सुभेदार मुघीरा इब्न शुबा. त्याच्याविरुद्ध चौघे मदिनेला आले: अबू बकरा (पहिले खलीफा अबू बक्र नव्हेत, हे दुसरे), त्यांचे आईकडून भाऊ नाफे आणि झियाद, आणि चौथा शिब्ल. म्हणणं असं की समोरच्या घराची खिडकी वाऱ्याने उघडली आणि मुघीरा एका बाईसोबत दिसला. उमरनी सुभेदाराला बोलावून घेतलं आणि एकेकाची साक्ष ऐकली. अबू बकरांनी सुरमेदाणीपर्यंतचं सगळं सांगितलं, नाफेने तसंच, शिब्लने तसंच. शेवटी उरला झियाद. तो म्हणाला की मी त्याला तिच्या पायांमध्ये बसलेला पाहिला, धापा ऐकल्या. विचारलं, सुरमेदाणीतली सळई पाहिलीस का? नाही, ते नाही पाहिलं.

बस. मुघीरा सुटला आणि बाकी तिघांना ऐंशी ऐंशी फटके. फटके खाऊनही अबू बकरा म्हणाले की मुघीराने ते केलंच होतं. उमर त्यांना परत फटके मारायला निघाले, तेव्हा पैगंबरांचे जावई अलींनी अडवलं. त्यांचं म्हणणं असं की हे नवं विधान धरायचं तर ती चौथी साक्ष झाली, मग मुघीरालाही दगडांची शिक्षा द्या. उमर थांबले. नंतर त्या तिघांना सांगण्यात आलं की तौबा करा, म्हणजे तुमची साक्ष पुन्हा घेऊ. दोघांनी केली, अबू बकरांनी नाही, ते महदूदच राहिले.

आता सांगा, हे पाहिल्यावर दुसरा कोण तिघा-चौघांना घेऊन काझीकडे जाईल? शिक्षा दुर्मीळ होण्याचं खरं कारण काझीची दया नसून साक्षीदाराच्या पाठीवरचे फटके होते.

नाशिककर
बरं, दोन साक्षीदारांचं मान्य, चुकलो. पण मला झियादवर संशय येतोय, त्याने उमरच्या चेहऱ्याकडे बघून साक्ष फिरवली असणार. आणि कबुलीचं काय? कबूल केलं तर साक्षीदार लागतच नसतील ना.

रेहाना
झियादवर संशय तेव्हापासून आजपर्यंत लोक घेतायत, आणि काही कथनांत उमरनीच त्याला सूचक बोलून सावध केलं असंही येतं. मला स्वतःला वाटतं की चौकटीबाहेरचं जे त्याने पाहिलंच नव्हतं ते त्याने नाकारलं, एवढंच, पण हे काही ठरलेलं नाही.

कबुलीत पण तीच कथा. माइझ नावाचा माणूस पैगंबरांकडे स्वतः आला, तर त्यांनी तोंड फिरवलं, तो दुसरीकडून आला, परत फिरवलं, असं चार वेळा. मग विचारलं, तुला वेड लागलंय का, तू दारू प्यायलायस का, नुसतं चुंबन घेतलं असशील. म्हणून हनफी म्हणतात कबुली चार वेळा आणि चार वेगळ्या बैठकांत हवी, मालिकी आणि शाफिई हे दुसरे कायदेपंथ एकदा पुरे म्हणतात. पण शिक्षा सुरू झाल्यावर कबुली देणारा म्हणाला की मी शब्द मागे घेतो, तरी हद्द थांबते.

वाचनवेडी
ताई, हे सगळं छान वाटतं पण मला एक गोष्ट टोचतेय. चार पुरुषांनी समोर पाहिलं पाहिजे म्हटलं तर ज्या बाईवर बलात्कार झाला तिने काय करायचं? ती तक्रार करेल आणि सिद्ध नाही झालं तर तीच कझफमध्ये अडकेल ना?

रेहाना
बरोबर टोचतंय, आणि यावर गोड बोलून उपयोग नाही. जुन्या ग्रंथांत बळजबरीने झालेल्या बाईला हद्द लागत नाही हे सगळ्यांना मान्य आहे, पण मालिकी मतात लग्न न झालेल्या बाईचं गरोदरपण हाच पुरावा धरतात, बळजबरी झाल्याची काही खूण दाखवली नाही तर. हनफी ते धरत नाहीत.

पाकिस्तानात 1979 साली लष्करशहा जनरल झिया उल हक यांनी हुदूद अध्यादेश आणले तेव्हा हे सगळ्यात वाईट तऱ्हेने बाहेर आलं. चार साक्षीदारांची अट हद्दीला ठेवली, पण शेजारी व्यभिचारासाठी ताजीरही ठेवली आणि तिला चार साक्षीदार नकोत. म्हणजे दार कडक ठेवून शेजारची खिडकी उघडी सोडली. 1983 मध्ये एका अंध मुलीने बलात्कार झाल्याचं सांगितलं, पुरुष पुराव्याअभावी सुटला आणि गरोदरपणावरून तिलाच शिक्षा झाली, पुढे वरच्या शरिया कोर्टाने ती रद्द केली. कायदा बदलायला 2006 उजाडलं.

म्हणून 'हुदूद दुर्मीळ होत्या' एवढ्यावर थांबू नका. हद्द टळली की माणूस सुटला असं नव्हतं, सुलतान आणि सुभेदार आपल्या सियासतीखाली, म्हणजे राज्यकर्त्याच्या स्वतःच्या अधिकारात, कमी पुराव्यावर, फटके आणि फासही द्यायचे. उस्मानी राज्यात सुलेमानच्या कानूनमध्ये व्यभिचाराला ऐपतीप्रमाणे दंड लिहिलेला आहे. त्या राज्यातली दगडांच्या शिक्षेची एकच नोंद सांगतात, 1680 मधली इस्तंबूलची, आणि तीही तेव्हाच्या लोकांना धक्कादायक वाटली.

नाशिककर
याचा आपल्याकडचा धागा मला माहिती आहे. बंगालमध्ये कंपनीने आधी हाच हनफी कायदा चालवला आणि साहेबांची मोठी तक्रार होती की या पुराव्याने दरोडेखोरांना शिक्षाच होत नाहीत. म्हणून गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या काळात एकेक नियम बदलत गेले, हात तोडण्याऐवजी तुरुंग आला. म्हणजे इंग्रजांना तो कायदा क्रूर कमी आणि ढिला जास्त वाटत होता! आता 'हद्द झाली' कुठून आलं ते कुणी सांगा, शिक्षेवरून की सीमेवरून?

रेहाना
सीमेवरूनच, मर्यादा संपली या अर्थाने. उर्दूतही 'हद हो गई' असंच म्हणतात, शिक्षेचा अर्थ तिथे नाही.

शिवारातला
ताई, सनद परत काढून बघितली. 'हद्दमहदूद'च्या पुढे चार दिशा आणि चार नावं आहेत, ती आजोबांच्या वेळच्या लगतदारांची दिसतायत. त्यातल्या एकाचा नातू हाच माझा हरकत घेणारा शेजारी. उद्या फोटो काढून टाकतो, अक्षर लागलं तर वाचून सांगाल का.