बारशाआधीचे घरातले नाव थोरल्या भावंडाला म्हणता येईल असेच असावे का?

मृदुला: धाकट्याचे बारसे व्हायचे आहे. थोरली सव्वादोन वर्षांची आहे आणि ‘क’, ‘ग’ यांच्या जागी ती अजून ‘त’, ‘द’ म्हणते. तोवर बाळाला ‘गुगू’ किंवा ‘बाबू’ म्हणावे असे घरात चालले आहे. तिच्या उच्चाराचा विचार करावा का?

अनघा: अवश्य करावा. लहान मुलांच्या वाचाविकासाचे काम करताना मी पाहते की या वयात प, ब, म, त, द, न हे आवाज बहुतेकांना जमतात आणि शेवटी स्वर असलेले दोन अक्षरी नाव सहज पेलते. मात्र हेच सोपे आवाज बाबा, मामा, दादा, नाना या हाकांनी आधीच अडवलेले असतात. त्यामुळे ‘बाबू’ तिच्या तोंडी ‘बाबा’च्या फार जवळ जाईल. ‘गुगू’चे तर ‘दुदू’ होईल, आणि घरात दुधालाही तोच शब्द असेल, तर ती बाळाविषयी बोलते आहे की दूध मागते आहे, हे कळणार नाही. त्यापेक्षा ‘पिनू’ किंवा ‘मिमी’ बरे, अर्थात तिचे स्वतःचे लाडाचे नाव त्यांच्यासारखे नसेल तर. तिच्याकडून नाव घोकून घेऊ नका. खेळता खेळता ती ते उच्चारेल, तेव्हा दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ती कोणाविषयी बोलते आहे हे उमगले, म्हणजे नाव जमले.

विनायक: मला हे मुळातच पटत नाही. तात्पुरते नाव तात्पुरते राहत नाही. माझ्या चुलतभावाला बारशापुरते ‘छोटू’ म्हटले गेले आणि प्रौढ वयातही चारचौघांत तीच हाक ऐकावी लागते, याचा त्याला मनापासून त्रास होतो. बारशापर्यंत ‘बाळ’ पुरेसे आहे.

सुहास: उच्चाराचाच प्रश्न असेल, तर बारशातल्या नावातही ‘र’ नको, कारण तो बऱ्याच मुलांना उशिरा येतो.

अनघा: ‘र’ उशिरा येतो हे खरे, पण तोवर मूल ‘ल’ किंवा ‘य’ वापरून निभावते आणि घरच्यांना ते कळते, म्हणून कायमचे नाव त्यासाठी बदलू नये. विनायक, ‘बाळ’ला माझी हरकत नाही, तिने ‘बाल’ म्हटले तरी समजेल. पण नाव चिकटते ते मोठी माणसे ते सोडत नाहीत म्हणून. त्यासाठी थोरलीची सोय का नाकारावी?

रेवती: आम्ही काहीच ठरवले नव्हते. मुलानेच बहिणीला ‘मम्मू’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रुळले. थोडे थांबून थोरली काय म्हणते ते ऐकावे, असे मला वाटते.

विनायक: आणि तिने निवडलेले नाव बारशानंतर बंद कोण करणार?

मृदुला: ‘गुगू’ आणि ‘बाबू’ दोन्ही बाद केले आहेत. ‘पिनू’ ती स्पष्ट म्हणते, पण आजी ‘बाळ’वरच ठाम आहेत, त्यामुळे सध्या दोन्ही हाका चालू आहेत.