केवळ टेम्पोवरून नृत्यसंगीताची शैली ओळखता येते का?

धागाकर्ती (लयवेडी): हाउस साधारण १२० ते १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला इतक्या मात्रा, ट्रान्स १३० ते १४०, डबस्टेप १४० आणि ड्रम अँड बेस १७४ च्या आसपास, असा तक्ता मी बनवला आहे. माझे मत असे की आकडा कळला की शैली कळली. आवाजाचा पोत हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. आपले काय मत आहे?

खर्ज: मी असहमत आहे, आणि कारण तुमच्याच तक्त्यात आहे. १४० चा ट्रान्स आणि १४० चा डबस्टेप एकामागोमाग ऐकून पाहा. ट्रान्समध्ये प्रत्येक मात्रेला, म्हणजे दर ०.४३ सेकंदाला, किक हा ड्रमचा जड, खालचा ठोका पडतो. दोन किकांच्या मधल्या फटीत बेसचे तुटक स्वर भरलेले असतात, आणि त्यावर एकमेकींपासून किंचित बेसूर केलेल्या अनेक लहरींचा रुंद, चकाकणारा थर पसरतो. १९९६ साली आलेल्या रोलँड जेपी-८००० या सिंथेसायझरमधल्या ‘सुपरसॉ’ने तो थर घराघरांत पोहोचवला. डबस्टेपमध्ये मात्र चार मात्रांच्या आवर्तनात स्नेअर हा कडक ठोका एकदाच, तिसऱ्या मात्रेवर पडतो. दोन स्नेअरांमध्ये सुमारे १.७ सेकंदांचे अंतर राहते, आणि त्या मोकळ्या जागेत खोल बेस सावकाश हेलकावे घेतो. घड्याळ तेच असूनही एका ठिकाणी पाय धावतात आणि दुसऱ्या ठिकाणी मान संथपणे डोलते.

द्रुतगती: मग डबस्टेप ७० बीपीएमचा आहे असे सरळ का म्हणू नये? तसे केले तर धागाकर्तीचा तक्ता टिकतो. शिवाय माझ्या मते ड्रम अँड बेस म्हणजे वेग वाढवलेले हाउसच आहे, त्यामुळे आकडाच निर्णायक ठरतो.

खर्ज: दुसरे विधान मला मान्य नाही. हाउसची तबकडी १७४ पर्यंत पळवली, तरी चारही मात्रांवरची किक तशीच राहते आणि ऐकायला फक्त घाईचे हाउस मिळते. ड्रम अँड बेसचा ठेका ब्रेकबीटमधून, म्हणजे खऱ्या ड्रमवादनाच्या कापलेल्या तुकड्यांमधून आला. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध तुकडा द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यातला आहे. तो मुळात १४० च्याही खालच्या लयीत वाजवलेला आहे. सॅम्पलरवर वेग वाढवला की स्वरही चढतो, म्हणून ड्रम अँड बेसच्या आधीच्या ‘जंगल’ या शैलीतला स्नेअर टणक आणि कोरडा लागतो. म्हणजे तिथला पोत वेग वाढवण्याच्या क्रियेतूनच जन्मला, एवढे श्रेय मी टेम्पोला जरूर देईन.

ताटवा: माझी अडचण थोडी वेगळी आहे. माझे मिक्सिंगचे सॉफ्टवेअर ड्रम अँड बेसची काही गाणी ८७ दाखवते, आणि मी ती संथ गाण्यांच्या यादीत टाकून बसलो होतो. टेम्पो ओळखायचा, तो नेमका कोणता?

मात्रागणती: ८७ ही १७४ ची निम्मी संख्या आहे, सॉफ्टवेअरने एक सोडून एक मात्रा धरली आहे. हाताने टाळी देऊन खात्री करता येते. ८७ च्या टाळ्यांवर स्नेअर दर वेळी दोन टाळ्यांच्या मधोमध पडत असेल, तर मोजणी निम्मी झाली आहे. दुप्पट मोजताच तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर नेमका बसतो. डबस्टेपला मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण ७० च्या मोजणीतही त्याचा स्नेअर टाळीवरच येतो. तरी त्याला १४० म्हणतात, याचे कारण तो लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन भागात यूके गॅराज या शैलीमधून वाढला. त्याची हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांज, त्या जलद लयीशी नाते ठेवते आणि तो १४० च्याच ग्राइम या शैलीशी सहज मिसळतो.

धागाकर्तीची बाजूही मी पूर्ण सोडणार नाही. १२४ च्या हाउसमध्ये मात्रेचा चौथा भाग सुमारे १२१ मिलिसेकंदांचा असतो, तर १७४ ला तोच ८६ चा होतो. त्यामुळे हाउसमध्ये शोभणारी लांब शेपटीची किक तिथे पुढच्या ठोक्यांवर सांडते आणि सगळे गढूळ होते. किक आखूड करावी लागते आणि वजन लांबणाऱ्या बेसवर टाकावे लागते. ही निवड आवडीची नव्हे, वेगाने लादलेली आहे.

लयवेडी: ताटवा यांच्या प्रश्नाने माझा तक्ता खरोखर अडचणीत आला. आता मी आकड्याशेजारी स्नेअरची जागा लिहीन. मात्र वेग पोत ठरवत असेल, तर आकडा हा निदान पहिला पुरावा आहे, हे मी अजून मागे घेत नाही.

द्रुतगती: ब्रेकबीटबद्दलची दुरुस्ती मान्य. डबस्टेप माझ्यासाठी ७० चाच राहील. नाचणाऱ्याचे शरीर जे मोजते, ती लय.

खर्ज: आणि त्याच जमावातला दुसरा कोणी हाय-हॅटवर दुप्पट नाचत असेल, तर त्याचे शरीर चुकीचे मोजते असे म्हणायचे का?