दुहेरी पडताळणी सुरू झाल्यापासून आउटलुक सारखा पासवर्ड मागतंय. पडताळणीच बंद करून घ्यावी का?

लेखाविभाग: कंपनीने सोमवारपासून मोबाइलवरची पडताळणी सक्तीची केली. ब्राउझरमध्ये मेल उघडतो, पण आउटलुक २०१६ दर दोन मिनिटांनी पासवर्ड मागतं. अचूक टाकला तरी चौकट परत येते. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे. साहेब म्हणतात, तुमच्यापुरती पडताळणी बंद करू. करावी का?

नाशिककर: बंद कशाला? खात्यात जाऊन ॲप पासवर्ड तयार करा आणि तो आउटलुकमध्ये टाका. माझं जीमेल थंडरबर्डमध्ये असंच चालतं.

सर्व्हरवाला: जीमेलचं बरोबर आहे, इथे ते लागू नाही. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवरचं नुसत्या पासवर्डाचं जुनं साइन-इन टप्प्याटप्प्याने बंद केलं. ॲप पासवर्ड त्याच वाटेने जातो, म्हणून तोही अडतो. त्याच कारणाने पडताळणी काढूनही आउटलुक जुन्याच वाटेने जाणार आणि चौकट तशीच राहणार. खात्याचं संरक्षण मात्र जाईल.

ताई, आधी चौकट नीट बघा. विंडोजची छोटी, साधी चौकट आहे की वेबपानासारखं साइन-इन? मग Ctrl दाबून घड्याळाजवळच्या आउटलुकच्या चिन्हावर राइट क्लिक करा, Connection Status उघडा आणि Authn रकाना वाचा. Bearer म्हणजे नवी पद्धत, Clear म्हणजे जुनी.

लेखाविभाग: छोटी चौकट. रकान्यात Clear.

सर्व्हरवाला: २०१६ मध्ये नवी पद्धत मुळातच चालू असते. म्हणजे कुणीतरी ती बंद केली असावी. हे चालवा:

```
reg query HKCU\Software\Microsoft\Office\16.0\Common\Identity /v EnableADAL
```

उत्तर 0x0 आलं, तर तेच कारण. पूर्वी साइन-इन अडलं की हा आकडा शून्य करायचा उपाय बरेच जण करत. ती नोंद काढा, आउटलुक पूर्ण बंद करून उघडा.

कारखानदार: मला हा हट्ट पटत नाही. आमच्या गोदामातल्या माणसाकडे साधा फोन आहे, त्याने ॲप कुठे टाकायचं? अशांना सूट हवीच.

सर्व्हरवाला: त्याची अडचण खरी आहे. पण कंपनीने परवानगी ठेवली असेल तर साध्या फोनवर एसएमएसने कोड येतो, नाहीतर यूएसबीची सुरक्षा-किल्ली देता येते. सूट दिलेलं एक खातं फुटलं, तर त्याच्या नावाने तुमच्या ग्राहकांना खोटी बिलं जातील.

कारखानदार: प्रत्येकाला किल्ली घेऊन देण्याचा खर्च आमच्या माथी. माझं मत बदललेलं नाही.

लेखाविभाग: 0x0 च होतं! नोंद काढली, कंपनीचं साइन-इन पान आलं, मोबाइलवर होकार दिला आणि मेल आले. पण आज सकाळी पुन्हा छोटी चौकट, आकडा परत शून्य.

सर्व्हरवाला: मग लॉगिन करताना एखादी जुनी स्क्रिप्ट किंवा ग्रुप पॉलिसी तो परत लिहीत असणार. ती तुमच्या संगणकावरून सुटणार नाही. आयटीला ही नोंदच दाखवा. नुसतं ‘पासवर्ड मागतंय’ सांगितलंत, तर ते पासवर्ड बदलून देतील.