मदत हवी आहे: दोन आठवडे परदेशी जायचं आहे, रजेच्या अर्जात काम सोपवण्याचं कसं लिहू?

अंधेरी_लोकल:
नमस्कार. मी औषधं वितरित करणाऱ्या एका भागीदारी फर्ममध्ये अकाउंट्स बघते. अकाउंट्सला आम्ही दोघीच, मी आणि एक ज्युनिअर. ती खरेदी-विक्रीच्या नोंदी छान करते, पण रिटर्न तिने कधी भरलेलं नाही. माझी बहीण झुरिकजवळ राहते. आईला घेऊन तिच्याकडे जायचं आहे. शनिवारी ९ मेला रात्री निघून सोमवारी २५ मेला कामावर हजर, असा बेत आहे. आईचे गुडघे अजून साथ देतायत तोवर हे व्हावं, असं मनापासून वाटतं.

सरांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "मे महिन्यात? आणि जीएसटीचं काय?" नाही म्हणाले नाहीत, अर्ज द्या म्हणाले. मी लिहिलंय ते असं: "वैयक्तिक कारणास्तव दोन आठवडे रजा मंजूर करावी. माझ्या अनुपस्थितीत ज्युनिअर काम पाहील." हे वाचून ते पुन्हा तोच प्रश्न विचारणार. काय लिहू?

कायदेशीर_बोला:
ताई, एवढं घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात वर्षाला २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे, ४५ दिवसांपर्यंत साठवताही येते. तुमची शिल्लक असेल तर सर नाही म्हणूच शकत नाहीत. अर्जात कलम टाका.

जमाखर्च:
रजा साठते हे बरोबर. पण म्हणून आपण सांगू त्याच तारखांना ती मिळालीच पाहिजे, असं होत नाही. ते बोलूनच ठरतं. अर्जात कलम टाकलं तर सर जीएसटी विसरतील आणि कलमावर बोलतील.

त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर तुमच्या बाजूने आहे. आधी दोन गोष्टी सांगा. ११ ते २३ मेमध्ये कोणकोणत्या शेवटच्या तारखा येतात? आणि पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?

ठाणेकर_आई:
शेंगेन व्हिसाला ऑफिसचं पत्र लागतंच हो. आम्ही मुलाकडे जर्मनीला गेलो तेव्हा यांच्या ऑफिसने पत्रात रजेच्या तारखाच घातल्या नव्हत्या, पुन्हा खेटा पडला. विमाही ३०,००० युरोंचा लागतो. आणि मेमध्ये तिकडे गारवा असतो, आईंना स्वेटर घ्या.

अंधेरी_लोकल:
@ठाणेकर_आई, स्वेटर नक्की. पत्राचं लक्षातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत.
@जमाखर्च, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. एप्रिलचा टीडीएस ७ लाच जातो आणि तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ मेला, म्हणजे ती दोन्ही बाहेर. सही करणारे सरच आहेत, पण पोर्टलवर मोबाईल माझा नोंदवलेला आहे. पूर्वीपासून तसंच चालत आलंय.

जमाखर्च:
मग खरी अडचण ज्युनिअर नाही, तुमचा मोबाईल आहे. तुम्ही विमानात आणि ओटीपी तुमच्या सिमवर, तर आराखडा कितीही सुंदर असो, रिटर्न जात नाही. मोबाईल बदलण्याचा अर्ज पोर्टलवरच होतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. सरांचा नंबर मार्चमध्येच घाला. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण तो चालतोय का हे एका रिटर्नवर बघायचंय.

आता तारखा. पगार ७ च्या आत होत असेल तर पीएफ-ईएसआयची चलनं ८ ला भरून टाका, १५ ची वाट कशाला बघायची? एप्रिलची विक्री ५-६ मेपर्यंत जुळते, तेव्हा जीएसटीआर-१ पण ९ च्या आत. ते उशिरा गेलं तर तुमच्या दुकानदारांना त्या महिन्याचं क्रेडिट दिसत नाही आणि फोन सरांना येतात. शिवाय ते गेल्याशिवाय ३बी भरता येत नाही.

उरलं फक्त ३बी. ते तुम्ही आधी उरकू शकत नाही, कारण खरेदीचं क्रेडिट ज्यावरून घ्यायचं ते २बी १४ तारखेला तयार होतं. म्हणजे सोपवायचं काम एकच, १४ ते २० मधलं. आणि त्याची रंगीत तालीम आयती मिळते: मार्चचं ३बी २० एप्रिलला जाईल, ते तिच्या हाताने होऊ द्या, तुम्ही शेजारी बसा. २बी आणि खरेदीवहीत फरक निघाला तर काय करायचं, हे तिथेच शिकवा. माझा नियम: बिल वहीत आहे पण २बीमध्ये नाही, तर त्याचं क्रेडिट या महिन्यात घ्यायचं नाही, पुरवठादाराला कळवायचं.

अंधेरी_लोकल:
हे असं मांडल्यावर मलाच हायसं वाटलं! पेमेंटचं एक राहिलं. बँकेत मी एंट्री करते, सर मंजूर करतात.

जमाखर्च:
ज्युनिअरसाठी बँकेत वेगळा युजर काढा, तुमचा पासवर्ड देऊ नका. त्याला बँकेचा फॉर्म आणि भागीदारांच्या सह्या लागतात, म्हणून तेही मार्चमध्ये. युजर निघाला की एखादं छोटं पेमेंट करून बघा.

अंधेरी_लोकल:
मसुदा केलाय, बघाल का?

> आदरणीय सर,
> सोमवार ११ मे ते शनिवार २३ मे या काळात मला अर्जित रजा हवी आहे. बहिणीला भेटायला आईसोबत स्वित्झर्लंडला जात आहे. सोमवारी २५ मेला कामावर हजर होईन.
>
> ७ मेपर्यंत पगार आणि एप्रिलचा टीडीएस, ८ मेपर्यंत पीएफ व ईएसआय आणि ९ मेपर्यंत जीएसटीआर-१ मी स्वतः पूर्ण करीन. रजेच्या काळात फक्त ३बी राहील. ते ज्युनिअर १८ मेपर्यंत तयार करून आपल्याला दाखवेल. रक्कम तपासून आपण मंजुरी द्यावी, म्हणजे २० मेच्या दोन दिवस आधी काम होईल. याचा सराव २० एप्रिलच्या रिटर्नला ती माझ्यासमोर करील.
>
> त्यासाठी मार्चमध्ये दोन गोष्टींना आपली संमती हवी: जीएसटी पोर्टलवर आपला मोबाईल नोंदवणे आणि बँकेत ज्युनिअरसाठी वेगळा युजर. ३बी अडल्यास ज्युनिअर आपल्या सीएंना विचारेल, त्यांच्याशी मी आधी बोलून ठेवीन. मी रोज भारतीय वेळेनुसार सकाळी ११:३० ला, म्हणजे तिथे ८ वाजता, अर्धा तास फोनवर असेन.
>
> रजा मंजूर झाल्यास व्हिसासाठी रजेच्या तारखा, माझं पद आणि रुजू झाल्याची तारीख असलेलं पत्र मिळावं ही विनंती.

जमाखर्च:
चांगलं आहे. दोन बदल. रोजचा फोन काढा, १८ आणि १९ मे एवढेच दिवस ठेवा. रोज उपलब्ध म्हटलं की रोज फोन येतो, आणि ज्युनिअर स्वतः ठरवायला शिकत नाही. दुसरं, अर्ज या आठवड्यातच द्या. व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ पर्यंत लांबू शकतो.

कायदेशीर_बोला:
मधला १७ मेचा रविवार रजेत धरतात का, तेही विचारा. काही ठिकाणी धरतात.

जमाखर्च:
हे मात्र खरं. फर्मचा नियम काय तो लेखी घ्या.

अंधेरी_लोकल:
आमच्याकडे लेखी नियमच नाही, म्हणून अर्जात "१२ कामाचे दिवस" असं घालते. सरांनी काही म्हटलं नाही तर तेच धरायचं का, हे कोणाला माहीत असेल तर सांगा. स्वतःचा मोबाईल पोर्टलवर द्यायला ते तयार होतील का, याचीही थोडी धाकधूक आहे. अर्ज उद्या देते.