मदत हवी आहे: ड्रॉइंग २४ दिवस उशिरा, मुदतवाढ किती मागायची?

कंत्राटदाराच्या बाजूने मुदतवाढीचा दावा तयार करतोय. तिसऱ्या स्लॅबचं सुधारित सळईचं ड्रॉइंग १२०व्या दिवशी मिळायला हवं होतं, ते १४४व्या दिवशी आलं. म्हणजे उशीर २४ दिवसांचा. पण त्या वेळच्या अद्ययावत बार चार्टमध्ये या कामाला १० दिवसांचा फ्लोट होता. तो १३०व्या दिवशी संपला, त्यामुळे पूर्णत्वाची तारीख १४ दिवसच पुढे जाते. साइटवरून २४ मागायचा आग्रह आहे, पण तो टिकणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण पुढे आहे. १३८ ते १४४ या काळात आमच्याच सेंट्रिंगच्या प्लेटा कमी होत्या. ड्रॉइंग वेळेवर आलं असतं, तरी ते सहा दिवस काम अडलं असतं का? तसं नाही, कारण स्लॅब त्याआधीच भरून झाला असता. ही साखळी पटवून द्यायची कशी?

नोटीस कराराच्या मुदतीत दिली आहे. ड्रॉइंग रजिस्टर आणि आवक शिक्का असलेली प्रतही आहे. मात्र १३१ ते १३६च्या दैनंदिन अहवालात नुसतं ‘काम चालू’ लिहिलंय. प्रत्यक्षात सळईवाली टोळी दुसऱ्या इमारतीवर होती. हजेरीपट आणि तारखेसह फोटो जोडून ही नोंद सावरता येईल का? आणि प्लेटा कमी असलेल्या १३८ ते १४४च्या सहा दिवसांची फक्त मुदत मागून साइटखर्च सोडून द्यावा का? असे दावे तपासणाऱ्यांनी कृपया सांगा.